प्रकल्प नोंदी: चौथा घात कुठून येतो

६ जानेवारी

विषय पक्का झाला. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प: लुडविग बोल्ट्झमनची १८८४ सालची मांडणी. म्हणजे तापलेल्या पोकळीत भरून राहिलेल्या प्रारणाची ऊर्जाघनता तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हे ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमावरून काढायचं. प्लँकचं सूत्र वापरायचं नाही, फोटॉन हा शब्दही काढायचा नाही.

वर्गात आम्ही हे उलट्या वाटेने शिकलो. प्लँकचं वितरण घेतलं, सगळ्या कंप्रतांवर संकलन केलं आणि T⁴ बाहेर आला. तसा तो येतोच, पण त्यात चारच का, हे संकलनाच्या आकडेमोडीत हरवून जातं. बोल्ट्झमनकडे प्लँकचं सूत्र नव्हतं, ते यायला अजून १६ वर्षं होती. तरी त्याला चार मिळाला. मॅडम म्हणाल्या, "उत्तर सगळ्यांना माहीत आहे. तुझा अहवाल मी तेव्हाच वाचेन जेव्हा तू मला सांगशील की तीन किंवा पाच असता तर नेमकं काय बिघडलं असतं."

प्रश्न हाच धरून चालायचं.

९ जानेवारी

आधी इतिहास, थोडक्यात. योसेफ स्टेफान हा व्हिएन्नामधला बोल्ट्झमनचा गुरू. त्याने १८७९ मध्ये जुनी मोजमापं चाळून चौथ्या घाताचा अंदाज बांधला. त्यातलं एक मोजमाप टिंडलचं: वीजप्रवाहाने तापवलेली प्लॅटिनमची तार, मंद लाल असताना १०.४ एवढं प्रारण आणि लख्ख पांढरी झाल्यावर १२२, अर्थात टिंडलच्या यंत्राच्या एककात. तापमानं धरली होती ५२५ आणि १२०० अंश सेल्सिअस. प्रारण ११.७ पट वाढलं. केल्व्हिनमध्ये तापमानं ७९८ आणि १४७३, त्यांचं गुणोत्तर १.८४६ आणि त्याचा चौथा घात ११.६.

छान जुळलं, पण हा पुरावा मानायला मी तयार नाही. प्लॅटिनम तापतं तशी त्याची उत्सर्जकताही वाढते, त्यामुळे चमकदार तारेचं प्रारण T⁴ पेक्षा जास्त वेगाने वाढायला हवं. शिवाय तापमान तारेच्या रंगावरून ठरवलेलं. दोन गोष्टी एकमेकींना झाकून गेल्या आणि स्टेफानला बरोबर उत्तर मिळालं. यात त्याच्या हुशारीचा भाग आहेच, कारण इतर तापमानांची मोजमापंही त्याने तपासली होती. नशिबाचा भागही तितकाच आहे.

म्हणजे १८७९ ते १८८४ या काळात चौथा घात हा एक चांगला अंदाज होता, नियम नव्हता.

१४ जानेवारी

मांडणीला तीन टेकू लागतात. आज पहिला.

पोकळी घ्या. भिंती एका तापमानाला, आत दुसरं काही नाही, फक्त भिंतींनी सोडलेलं आणि भिंतींनीच शोषलेलं प्रारण. बराच वेळ गेल्यावर आतली ऊर्जाघनता u ठरते. दावा असा, की u फक्त तापमानावर अवलंबून असते. पोकळी गोल की चौकोनी, लोखंडाची की मातीची, लहान की मोठी, याने फरक पडत नाही. हे किर्खहोफने १८५९-६० च्या सुमारास मांडलं.

कारण सोपं आहे. एकाच तापमानाच्या दोन वेगळ्या पोकळ्या बारीक भोकाने जोडा. एकीत u जास्त असेल तर तिच्यातून दुसरीकडे जास्त ऊर्जा वाहील आणि दुसरी तापू लागेल. सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंमध्ये आपोआप तापमानाचा फरक पडला. त्या फरकावर इंजिन चालवता येईल आणि एकाच तापमानाच्या साठ्यातून फुकट काम काढता येईल. दुसरा नियम हे होऊ देत नाही, म्हणून दोन्हीकडे u सारखीच.

म्हणजे चौथ्या घाताकडे जाण्याआधीच दुसरा नियम एकदा वापरून झाला. अहवालात हे स्पष्ट लिहायचं, कारण बहुतेक पुस्तकं "u फक्त T चं फल आहे" असं गृहीतक म्हणून टाकून देतात आणि पुढे जातात.

१७ जानेवारी

दुसरा टेकू: प्रारणाला दाब असतो. याची गोष्ट मला सगळ्यात आवडली.

इटलीचा आदोल्फो बार्तोली, साल १८७६. त्याच्या कल्पनेतला प्रयोग मी माझ्या शब्दांत असा मांडतो. एक नळी, आतून आरसा. एका टोकाला थंड वस्तू, दुसऱ्या टोकाला गरम वस्तू, दोन्ही टोकांना आरशाची झडप. थंड बाजूची झडप उघडून नळी थंड वस्तूच्या प्रारणाने भरू द्या, झडप लावा. आता आरशाच्या दट्ट्याने ते प्रारण दाबत न्या. जागा कमी होईल तशी ऊर्जाघनता वाढेल. ती गरम वस्तूच्या ऊर्जाघनतेपेक्षा जास्त झाली की गरम बाजूची झडप उघडा. प्रारण गरम वस्तूत शिरेल. थंडाकडून उष्णता गरमाकडे गेली.

दट्ट्या ढकलायला काहीच जोर लागला नसेल, तर ही उष्णता फुकट चढली. दुसरा नियम मोडला. म्हणून जोर लागलाच पाहिजे, म्हणजे प्रारण दट्ट्यावर दाब देतंच. विद्युतचुंबकत्वाचं एकही समीकरण न लिहिता प्रकाशाला दाब असतो हे ठरलं!

पण दाब किती, हे या मार्गाने मिळत नाही. ते मॅक्सवेलकडून घ्यावं लागतं आणि तो तिसरा टेकू. एकाच दिशेने येणाऱ्या झोताचा, तो शोषला जात असेल तर, दाब ऊर्जाघनतेएवढा असतो, असं मॅक्सवेलने १८७३ मध्ये म्हटलं होतं. पोकळीत मात्र प्रारण सगळ्या दिशांनी धावत असतं. भिंतीच्या लंबाशी θ कोन करून येणाऱ्या भागाचा संवेग भिंतीला लंब दिशेत cos θ पट मोजायचा, आणि तो तिरका येतो म्हणून दर सेकंदाला भिंतीवर पोचणारा वाटाही cos θ पटच. दोन्ही मिळून cos²θ. सगळ्या दिशांवर त्याची सरासरी एक तृतीयांश येते. म्हणून

p = u/3

या तीनाचा उगम अवकाशाच्या तीन मितींत आहे, हे लक्षात ठेवायचं. पुढे उपयोगी पडेल.

१८८४ साली प्रकाशाचा दाब कोणी मोजलेला नव्हता. तो मोजला मॉस्कोत लेबेदेवने आणि अमेरिकेत निकल्स व हल यांनी, १९०१ च्या सुमारास. बोल्ट्झमनने न मोजलेल्या दाबावर नियम उभा केला होता.

२३ जानेवारी

आज मुख्य मांडणी फळ्यावर केली. दोन वाटा आहेत. बोल्ट्झमनच्या काळाला शोभणारी वाट कार्नो चक्राची आणि मला तीच जास्त पटते, कारण प्रत्येक पायरीला डोळ्यांसमोर काहीतरी हलताना दिसतं.

नळकांडं घ्या. बाजूच्या भिंती आणि दट्ट्या आतून आरसा. तळ T तापमानाची काळी वस्तू. आत हवा नाही, नुसतं प्रारण.

पहिली पायरी: तापमान T वर स्थिर ठेवून दट्ट्या हळूच वर सरकवा, आकारमान ΔV ने वाढू द्या. तळातून किती उष्णता आत आली? इथे घाई करायची नाही. नवी उघडलेली जागा प्रारणाने भरायला हवी, कारण u फक्त T वर ठरते आणि T बदललेलं नाही. त्यासाठी u ΔV लागली. शिवाय प्रारणाने दट्ट्या ढकलला, त्याला p ΔV म्हणजे (u/3) ΔV लागली. एकूण

Q = (4/3) u ΔV

दुसरी पायरी: तळ झाकून टाका आणि दट्ट्या आणखी किंचित सरकू द्या. प्रारण पसरतं, काम करतं, थंड होतं. तापमान dT ने उतरतं, दाब dp ने.

तिसरी पायरी: T − dT तापमानाच्या तळाला लावून दट्ट्या परत दाबा. चौथी: तळ झाकून मूळ स्थितीला आणा.

जाताना दाब p होता, येताना p − dp. म्हणून चक्रातलं निव्वळ काम dp ΔV, म्हणजे (1/3) du ΔV. बाकीची पदं यापेक्षा लहान आहेत, ती सोडून दिली.

दुसरा नियम सांगतो, की उलटवता येणाऱ्या कुठल्याही इंजिनाची कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते आणि इथे ती dT/T असलीच पाहिजे. काम भागिले उष्णता:

(1/3) du ΔV / [(4/3) u ΔV] = dT/T

ΔV गेलं, तीनही गेले. उरलं

du/u = 4 dT/T

आणि म्हणून u = aT⁴.

फळ्याची निम्मीही जागा लागली नाही.

२४ जानेवारी

कालच्या पहिल्या पायरीवर वर्गमित्र अडला. तो म्हणाला, "तापमान तेच, मग आतली ऊर्जा का वाढली? आदर्श वायूत तर समतापी प्रसरणात आंतरिक ऊर्जा बदलत नाही."

शंका अगदी मोक्याची आहे. वायूत कणांची संख्या ठरलेली असते. जागा वाढली की तेच कण विरळ होतात. प्रारणाला असा ठरलेला साठा नाही. जागा वाढली की भिंत आणखी प्रारण सोडते आणि घनता पूर्ववत करते. म्हणून इथे घनता कायम राहते आणि एकूण ऊर्जा वाढते.

वायूची सवय इथे चालू दिली तर काय होईल तेही करून पाहिलं. "भरण्याची" u ΔV विसरून Q = p ΔV एवढंच घेतलं, तर dp/p = dT/T मिळतं आणि u तापमानाच्या पहिल्या घातावर येते. चारातले तीन घात त्या भरण्यातून आले आहेत. अहवालात हे ठळक करायचं.

याच कारणाने दुसरी गडबडही होते. कोणी दाब वायूसारखा म्हणजे p = 2u/3 घेतला आणि बाकी सगळं बरोबर केलं, तर घातांक अडीच येतो. सर्वसाधारणपणे p = u/w असेल तर u तापमानाच्या w + 1 या घातावर जाते. w = 3 ला चार. प्रारण एकाच रेषेत पुढे-मागे धावणारं असतं तर w = 1 आणि घातांक दोन. म्हणजे चार हा "तीन मिती अधिक एक" असा आहे. तीन भूमितीचे आणि एक दुसऱ्या नियमाचा.

मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली: w = −1 टाकून बघितलंस का? टाकलं. घातांक शून्य, ऊर्जाघनता तापमानाने बदलतच नाही. आणि p = −u हे तर निर्वात अवकाशाच्या ऊर्जेचं लक्षण! म्हणजे तसला स्थिर भाग असला तरी तो या मांडणीतून गपचूप निसटतो, T⁴ ला धक्का न लावता. हे प्रकल्पाच्या कक्षेबाहेर आहे, पण तळटीप म्हणून ठेवणार.

३० जानेवारी

आता मॅडमचा मूळ प्रश्न: तीन किंवा पाच असता तर?

समजा u तापमानाच्या n व्या घातावर जाते आणि n काय ते माहीत नाही. दाब मात्र u/3 च, कारण तो भूमितीने आणि मॅक्सवेलने ठरवलाय. तळ झाकलेला असताना प्रारण पसरतं त्या पायरीचा हिशोब फक्त ऊर्जेच्या अक्षय्यतेवर चालतो: आतली ऊर्जा कमी होते ती दट्ट्यावर केलेल्या कामाएवढी. त्यातून u V^(4/3) स्थिर राहतं. यात दुसरा नियम कुठेच नाही. u च्या जागी Tⁿ ठेवलं की V हे T^(−3n/4) च्या प्रमाणात बदलतं.

आता बारीक dT न घेता चांगलं मोठं चक्र घेतो: वर १००० केल्व्हिन, खाली ९००. वर घेतलेली उष्णता आणि खाली टाकलेली उष्णता, दोन्हींमध्ये तोच ४/३, तीच u × ΔV ची मांडणी. फक्त खालच्या पायरीत आकारमानाचा बदल (1000/900)^(3n/4) पट मोठा.

```python
def efficiency(n, T1=1000.0, T2=900.0):
    Qh = (4/3) * T1**n
    Qc = (4/3) * T2**n * (T1/T2)**(3*n/4)
    return 1 - Qc/Qh

for n in (3, 4, 5):
    print(n, round(efficiency(n), 4))
```

उत्तर:

```
3 0.076
4 0.1
5 0.1234
```

कार्नोची मर्यादा १ − ९००/१००० म्हणजे ०.१. चार असताना नेमकी तीच आली. ही तपासणी मांडणीच्या बाहेरची नाही, मांडणीच आहे ती, फक्त उलट्या बाजूने. तरी आकड्यांत पाहिल्यावर पटायला सोपं जातं.

n = 5 असतं तर प्रारणाचं इंजिन १२.३४ टक्के कार्यक्षम ठरलं असतं. त्याच दोन तापमानांमध्ये हवेचं साधं कार्नो इंजिन १० टक्के देतं. मग असं करायचं: प्रारणाच्या इंजिनाला गरम साठ्यातून १०० ज्यूल द्यायचे. ते १२.३४ ज्यूल काम देईल आणि ८७.६६ ज्यूल थंडात टाकेल. त्या कामावर हवेचं इंजिन उलटं चालवायचं. १२.३४ ज्यूल कामात ते थंडातून १११.०६ ज्यूल उपसून गरमात १२३.४ ज्यूल ओतेल. एकूण हिशोब: थंडातून २३.४ ज्यूल निघाले, गरमात २३.४ ज्यूल गेले, बाहेरून कामाचा एक पैसाही खर्च नाही. पाच मेला.

n = 3 ला प्रारणाचं इंजिन ७.६ टक्क्यांवर येतं, म्हणजे कार्नोपेक्षा कमी. पहिल्यांदा वाटलं, कमी असण्यात कसला गुन्हा? खरी इंजिनं तर नेहमीच कमी देतात. पण खरी इंजिनं घर्षणामुळे कमी देतात आणि ती उलटवता येत नाहीत. इथे प्रत्येक पायरी सावकाश केलेली आहे, काहीच वाया गेलेलं नाही, चक्र उलटं फिरवता येतं. कमी कार्यक्षमतेचं इंजिन उलटं फिरवलं की ते थोड्या कामात जास्त उष्णता वर चढवतं. हवेचं इंजिन १०० ज्यूल घेऊन १० ज्यूल काम देतं, ९० थंडात टाकतं. त्या १० ज्यूलवर प्रारणाचं इंजिन उलटं चालवलं की ते गरमात १३१.६ ज्यूल ओततं आणि थंडातून १२१.६ घेतं. पुन्हा ३१.६ ज्यूल फुकट चढले. तीनही गेला.

या सगळ्यातून एक गोष्ट लख्ख झाली, जी मी इतकी वर्षं T⁴ लिहीत असून कधी पाहिली नव्हती. u V^(4/3) स्थिर असणं ही प्रारणाची स्वतःची वागणूक, यांत्रिकीने ठरलेली. दुसरा नियम प्रारणाबद्दल नवं काही सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की त्या वागणुकीवर तापमानाची पट्टी कुठे कशी लावायची. उजवीकडचा T हा पाऱ्याच्या तापमापीचा नाही, कार्नो इंजिनाने ठरवलेला निरपेक्ष T आहे. दुसऱ्या कुठल्या तापमापीचे अंश घेतले तर चार टिकणार नाही.

३ फेब्रुवारी

हे इंजिन प्रत्यक्षात किती काम देईल? एक लिटर पोकळी, १००० केल्व्हिन, दुप्पट होईपर्यंत पसरू दिली. a ची आजची किंमत ७.५६६ × १०⁻¹⁶ ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्व्हिन⁴. ऊर्जाघनता ७.५७ × १०⁻⁴ ज्यूल प्रति घनमीटर, दाब त्याच्या तिसरा हिस्सा. घेतलेली उष्णता १.००९ × १०⁻⁶ ज्यूल, ९०० केल्व्हिनला टाकलेली ०.९०८ × १०⁻⁶. काम सुमारे १०⁻⁷ ज्यूल, एक मिलिग्रॅमचा कण एक सेंटिमीटर उचलण्याइतकं. आपल्या खोलीतलं प्रारण तर याहूनही दुबळं: ३०० केल्व्हिनला एका घनमीटरमध्ये ६ मायक्रोज्यूल, तेवढ्याच जागेतल्या हवेत अडीच लाख ज्यूल.

म्हणूनच हे इंजिन कोणी बांधत नाही. पण दुसऱ्या नियमाला किती यापेक्षा होतं की नाही यात रस.

११ फेब्रुवारी

मॅडमनी एक अडचण काढली आणि ती खरी आहे. तळ झाकल्यावर आत फक्त आरसे उरतात. आरसा काही शोषत नाही, सोडत नाही. मग दट्ट्या सरकताना प्रारणाची रंगांची वाटणी नव्या तापमानाला साजेशी राहते, हे कशावरून? ती बिघडली असेल, तर तिसऱ्या पायरीत थंड तळ उघडताच वाटणी एकदम बदलेल, ती पायरी उलटवता येणार नाही आणि सगळा कार्नोचा आधार कोसळेल.

जुना उपाय: आत काजळीचा एक कण सोडायचा. तो सगळे रंग शोषतो आणि सोडतो, त्यामुळे वाटणी सतत योग्य राहते. कण इतका बारीक घ्यायचा की त्याची स्वतःची उष्णता हिशोबात येऊ नये. बोलायला सोपं वाटतं, पण वरच्या हिशोबात एका लिटरमध्ये ज्यूलच्या दहा लाखाव्या भागाएवढीच ऊर्जा होती, म्हणजे कण खरोखर नावापुरताच हवा. कल्पनेतल्या प्रयोगाला ते परवडतं.

दुसरा उपाय जास्त समाधानकारक. दूर सरकणाऱ्या आरशावरून परत येताना प्रकाशाची कंप्रता थोडी उतरते, डॉप्लर परिणामाने. सावकाश सरकणाऱ्या दट्ट्यासाठी हिशोब केला तर प्रत्येक कंप्रता V^(−1/3) च्या प्रमाणात उतरते, सगळ्या एकाच पटीने. आणि T सुद्धा V^(−1/3) नेच उतरतं, कारण VT³ स्थिर आहे. म्हणून ν/T बदलत नाही आणि वाटणीचा आकार आपोआप टिकतो. हे विल्हेल्म वीनने १८९३ मध्ये दाखवलं. काजळीचा कण असला काय, नसला काय.

१९ फेब्रुवारी

प्रात्यक्षिकाचा भाग जोडायला सांगितला होता, म्हणून गाडीचा १२ व्होल्टचा दिवा. व्होल्टेज, प्रवाह, त्यातून रोध, रोधावरून टंगस्टनच्या तारेचं तापमान. शक्ती आणि तापमान लॉग-लॉग कागदावर मांडले. उतार चार हवा, आला पाचाच्या जवळ.

यात प्रयोग फसलेला नाही. टंगस्टनची एकूण उत्सर्जकता २००० केल्व्हिनला ०.२६ च्या आसपास असते आणि १००० ला त्याच्या निम्म्याहूनही कमी. जवळजवळ तापमानाच्या प्रमाणातच वाढते, म्हणून एक घात जास्तीचा. खालच्या टोकाला मात्र बिंदू रेषेवर बसत नाहीत, कारण तिथे बरीच उष्णता आधाराच्या तारांतून आणि काचेतल्या वायूतून निघून जाते. म्हणजे उतार कुठल्या पट्ट्यात काढला यावर उत्तर ठरतं आणि हवा तो पट्टा निवडून चार "सिद्ध" करणं सहज शक्य आहे. असे अहवाल मी पाहिलेत.

बोल्ट्झमनचा नियम पोकळीतल्या प्रारणाचा आहे, तारेच्या पृष्ठभागाचा नाही. त्याची खरी तपासणी लुमर आणि प्रिंग्सहाइम यांनी १८९७ मध्ये केली, तापवलेल्या पोकळीला बारीक भोक पाडून. भोकातून बाहेर पडणारं प्रारण कसल्याही पृष्ठभागाची ओळख सांगत नाही. दर सेकंदाला दर चौरस मीटरमधून uc/4 एवढं बाहेर येतं: निम्मं प्रारण भोकाकडे तोंड करून असतं आणि तिरकेपणाची सरासरी आणखी अर्धी. म्हणून स्टेफानचा σ = ac/4, म्हणजे ५.६७ × १०⁻⁸. दिव्याचा आलेख अहवालात ठेवतोय, पण "नियमाची पडताळणी" या मथळ्याखाली नाही.

२६ फेब्रुवारी

a ची किंमत या मांडणीतून येत नाही, येऊ शकत नाही. ती संकलनाचा स्थिरांक आहे. ती मोजावी तरी लागते किंवा क्वांटम सिद्धांतातून काढावी लागते. प्लँकने १९०० मध्ये सूत्र दिलं आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून १९२४ मध्ये त्या सूत्राला स्वच्छ पाया दिला. तिथे a मध्ये h तिसऱ्या घातात, छेदात बसतो. h शून्याकडे नेला की a अनंताकडे जातो. अभिजात भौतिकीला T⁴ ची परवानगी होती, a ची नव्हती.

४ मार्च

शेवटचा भाग: मांडणी कुठे तुटते. मी पहिल्या टेकूपासून उलट तपासत गेलो. "u फक्त तापमानावर ठरते" यात पोकळी लहान की मोठी याने फरक पडत नाही असं म्हटलं होतं. ते पोकळी प्रारणाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठी असेल तोवरच खरं.

खोलीच्या तापमानाला सर्वाधिक प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे काडेपेटीएवढी पोकळीही अफाट मोठी. पण १ केल्व्हिनला तीच तरंगलांबी २.९ मिलिमीटर होते आणि ०.२ केल्व्हिनला दीड सेंटिमीटरच्या जवळ. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनात बसणारी सगळ्यात लांब तरंगलांबी √२, म्हणजे १.४ सेंटिमीटर. तिथे ज्या लहरींनी मुख्य ऊर्जा वाहायची त्यांतल्या बहुतेकींना आत जागाच नाही. ऊर्जाघनता T⁴ च्या खाली घसरते आणि पेटीच्या आकारावर अवलंबून राहू लागते.

मग २३ जानेवारीची पहिली पायरी बघा. दट्ट्या ΔV ने सरकवला तर "नवी जागा भरायला u ΔV" हे म्हणता येत नाही, कारण जागा वाढल्याने जुन्या जागेतली u सुद्धा बदलते. Q मध्ये आणखी एक पद येतं. आणि दाबही सगळ्या भिंतींवर u/3 राहील असं नाही, पेटी चपटी असेल तर वेगवेगळ्या भिंतींवर वेगवेगळा. दुसरा नियम तिथेही मोडत नाही, फक्त त्याला द्यायला लागणारी दोन्ही वाक्यं खोटी ठरतात.

मॅडम म्हणाल्या, हे परिशिष्टात नको, मांडणीच्या लगेच खाली घे. उद्या पानं पुन्हा लावायची.